एकाच कागदावर तीन लिप्या: स्कॅन केलेले उतारे वाचताना

कर्नाटकाच्या महसूल खात्याने ‘भू-सुरक्षा’ योजनेखाली तहसील कार्यालयांतल्या जुन्या जमीन कागदपत्रांचे स्कॅनिंग हाती घेतले आहे. काम चांगले आहे. वाळवी लागलेल्या गठ्ठ्यांपेक्षा संगणकातले चित्र बरे. पण स्कॅन म्हणजे नुसते चित्र असते. त्यात आजोबांचे नाव डोळ्यांना दिसते, शोधून मात्र सापडत नाही. शोध लागायचा तर चित्रातली अक्षरे संगणकाने ओळखून मजकूर तयार करावा लागतो. त्याला ओसीआर म्हणतात. आपल्या सीमाभागात गाडी नेमकी इथेच अडते.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे एकाच जमिनीच्या फाइलमध्ये जुनी मोडी, नंतरची मराठी, अलीकडची कन्नड आणि मधूनमधून इंग्रजी असा सगळा संसार असतो. वारसा लावताना बरेच सभासद कन्नड उतारा आणि त्याचे टाइप केलेले मराठी भाषांतर एकाच कागदावर झेरॉक्स करून ठेवतात. आम्ही मंडळात असे कागद संगणकावर घेऊ लागलो, तेव्हा ध्यानात आले की खरी अडचण कन्नड किंवा मराठी वाचण्याची नाही. दोन्ही एकाच चित्रात असण्याची आहे.

आम्ही टेसरॅक्ट हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरतो. तो आपल्याच संगणकावर चालतो, कागद बाहेर कुठे पाठवावा लागत नाही, आणि जमिनीच्या कागदाच्या बाबतीत हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. पानावर कोणती लिपी आहे हे त्यालाच विचारले, तर तो अख्ख्या पानासाठी एकच उत्तर देतो, उदाहरणार्थ `Script: Kannada`. खालचा अर्धा कागद मराठी असला तरी उत्तर तेच. दुसरा मार्ग `kan+mar+eng` असे लिहून तिन्ही भाषा एकदम सांगण्याचा. मग प्रत्येक शब्दाला तो तिन्हींपैकी कुठले वाचन जास्त पटते ते ठरवतो. लांब शब्दांत हे बऱ्यापैकी जमते, कारण कन्नड आणि देवनागरी अक्षरांची ठेवण अगदी वेगळी आहे. घोटाळा होतो तो आकड्यांत. एकटा आकडा कोणत्या भाषेचा, हे त्याच्या आजूबाजूला पाहूनच कळते.

आपला देवनागरी १ आणि इंग्रजी `9` शेजारी शेजारी काढून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. कन्नडमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथला अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर नसतो, अक्षरानंतर पूर्ण वर्तुळ म्हणून येतो, आणि कन्नड शून्यही तसेच वर्तुळ असते. त्यामुळे ‘शंकर’ नावाच्या मधोमध शून्य घुसू शकते. छापून पाहिले तर फरक दिसत नाही, पण शोधायला गेलात तर शंकरराव हजर नाहीत.

एक उदाहरण पूर्ण पाहू. वरच्या भागात कन्नड उतारा, खाली मराठी भाषांतर. भाषांतरात पहिला हिस्सा १ एकर ११ गुंठे, दुसरा १ एकर ३२ गुंठे, एकूण ३ एकर ३ गुंठे. सगळे पान एकदम वाचायला दिले तर पहिला हिस्सा `9` एकर `99` गुंठे, दुसरा `9` एकर `32` गुंठे आणि एकूण मात्र बरोबर, असे येऊ शकते. पहिली चूक लगेच पकडता येते. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून गुंठ्याच्या रकान्यात चाळीस किंवा त्याहून मोठा आकडा असूच शकत नाही. दुसऱ्या हिश्श्याचे `32` गुंठे मात्र अगदी सभ्य दिसतात आणि नऊ एकरांची जमीनही कुणाची असू शकते. ती चूक बेरजेशिवाय सापडत नाही. पहिला हिस्सा सुधारून बेरीज केली तर ११ एकर ३ गुंठे होतात. कागदावर ३ एकर ३ गुंठे आहेत. फरक बरोबर आठ एकरांचा.

बँकेत ताळा जुळेना आणि फरकाला नऊने भाग गेला, की आकड्यांची अदलाबदल झाली असेल असे आम्ही पहिल्यांदा तपासत असू. इथे नऊऐवजी आठ धरायचे. एकचा नऊ झाला की फरक आठाचा, दशकाच्या जागी झाला तर ऐंशीचा.

उपाय साधा आहे. भाषा ओळखण्याचे काम यंत्रावर न टाकता कागद आपणच कापायचा. कात्रीने नाही, चित्र उघडून. वरचा कन्नड भाग एक चित्र, खालचा मराठी भाग दुसरे, आणि प्रत्येकाला त्याचीच भाषा सांगायची:

```
tesseract var.png var -l kan+eng --psm 6
tesseract khali.png khali -l mar --psm 6
```

पहिल्या ओळीत इंग्रजी मुद्दाम ठेवली आहे, कारण संगणकीकृत कन्नड उताऱ्यावर आकडे इंग्रजी असतात. जी भाषा जास्त ती आधी लिहावी, क्रमाने निकालात फरक पडतो. मराठीसाठी `mar` घ्यावे, `hin` नको. लिपी एकच असली तरी हिंदीत ळ जवळजवळ येत नाही, त्यामुळे आपली गावे आणि आडनावे बिघडण्याचा धोका वाढतो. क्षेत्रफळाचा रकाना तर वेगळाच कापावा आणि तिथे देवनागरी आकड्यांखेरीज काही वाचू नको असे बजावावे:

```
tesseract kshetra.png kshetra -l mar --psm 6 -c tessedit_char_whitelist=०१२३४५६७८९
```

कापताना चौकटीची रेघ आत येऊ देऊ नये. ती शिरोरेषेला चिकटली की अख्खा शब्द हातचा जातो. मूळ चित्र ३०० डीपीआयचे असावे. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेला कागद दाबला जाऊन अस्पष्ट होतो, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो.

बँकेच्या किंवा सरकारी छापील फॉर्मला हीच रीत आणखी सोपी पडते. तिथे ‘नाव’ हा शब्द कन्नड, हिंदी, इंग्रजीत तीनदा छापलेला असतो, पण तो वाचायची गरजच काय? प्रत्येक फॉर्मवर नावाचा रकाना त्याच जागी असतो. फक्त भरलेला रकाना कापावा. जन्मतारखेच्या चौकोनात आकडेच असणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असते.

नावांबाबत आमचा एक आग्रह आहे. उताऱ्यावर कन्नडमध्ये जसे आहे तसेच उतरवावे, इंग्रजी आणि मराठी रूप शेजारच्या रकान्यात द्यावे. आपल्याला योग्य वाटते म्हणून पाटिलचे पाटील करून टाकले, तर उद्या दोन कागदांतले नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत आल्यावर फरक मूळचा की आपला, हे सांगता येणार नाही.

हे सगळे छापील मजकुरापुरते. हाताने लिहिलेल्या नोंदी, नावावर बसलेला शिक्का, कार्बन प्रतीची पुसट अक्षरे यांपुढे हा प्रोग्रॅम हात टेकतो. मोडी तर त्याच्या भाषांच्या यादीतच नाही, तिथे मोडी वाचक गाठावा लागतो. म्हणून आम्ही प्रत्येक कागदाच्या तयार मजकुराशेजारी मूळ चित्र ठेवतो, आणि आकड्यांचा ताळा दुसऱ्या माणसाने घेतल्याशिवाय तो मजकूर सभासदाच्या हाती देत नाही.