बातमीतले ‘४० टक्के कमी’ नक्की कशाचे?

‘धोका दुप्पट’, ‘शक्यता निम्मी’ अशी बातमी मोबाईलवर आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: हा आकडा शक्यतेचा आहे की ऑड्सचा? ही सवय मला १९९९च्या एका अमेरिकन प्रकरणामुळे लागली.

त्या फेब्रुवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. ७२० डॉक्टरांना छातीत दुखणाऱ्या रुग्णांचे व्हिडिओ दाखवले होते. रुग्ण खरे नव्हते, नट-नट्या होत्या. कुणाला हृदयाच्या पुढच्या तपासणीला पाठवाल, हा प्रश्न त्यांना विचारला. कृष्णवर्णीयांसाठी ऑड्स रेशो निघाला ०.६, आणि बातम्यांनी सांगून टाकलं की त्यांना पाठवण्याची शक्यता ४० टक्के कमी.

आता मूळ आकडे बघा. गोऱ्या रुग्णांना ९०.६ टक्के वेळा पाठवलं, कृष्णवर्णीयांना ८४.७ टक्के वेळा. या शक्यतांचा भागाकार ०.९३ येतो, म्हणजे फरक ७ टक्क्यांचा. मग ४० आले कुठून?

ऑड्स म्हणजे ‘होण्या’ला ‘न होण्या’ने भागायचं. ९०.६ भागिले ९.४, आले ९.६४. ८४.७ भागिले १५.३, आले ५.५४. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की साधारण ०.५७. अभ्यासात इतर घटकही धरले होते, तिथे ०.६.

मग ऑड्सच्या भानगडीत पडायचंच कशाला? कारण शक्यता ० आणि १ मध्ये अडकलेली असते. तिच्यात सरळ बेरीज करत गेलो तर आकडा १च्या वर जाऊ शकतो. ऑड्सचा लॉग घेतला की ही कुंपणं जातात, म्हणून लॉजिस्टिक रिग्रेशन सगळी बेरीज-वजाबाकी लॉग-ऑड्सवर करतं. इथे २.२७वरून १.७१वर आलो. सुमारे −०.५६चा हा फरक म्हणजेच कोइफिशंट. `e^(-0.56)` काढा, पुन्हा ०.५७ मिळेल: तोच ऑड्स रेशो. परत शक्यतेवर यायला सिग्मॉइड:

```
p = 1 / (1 + e^(-z))
```

z = १.७१ टाकलं की ०.८४७. गंमत अशी, की हाच कोइफिशंट १ टक्का शक्यतेच्या घटनेला लावला, तर ती ०.५७ टक्क्यावर येते, म्हणजे खरंच ४० टक्क्यांहून जास्त घट. सिग्मॉइडचा चढ सगळीकडे सारखा नसतो. घटना दुर्मिळ असेल तर ऑड्स रेशो शक्यतेच्या भागाकाराजवळ जातो. ९० टक्क्यांजवळ तो तसा वाचला की फसगत होते. जुलैमध्ये त्याच जर्नलने ही चूक दाखवणारा लेख छापला.

पण म्हणून भेदभाव नव्हताच, असं मात्र नाही. गोरे पुरुष, कृष्णवर्णीय पुरुष आणि गोऱ्या स्त्रिया, तिघांचाही आकडा ९०.६ होता. कृष्णवर्णीय स्त्रियांचा ७८.८. सगळा फरक एकाच गटात होता, आणि वर्णासाठी एकच कोइफिशंट बघणाऱ्याला तो दिसलाच नसता.