आई आजारी आहे, रागावलेली नाही

मोठ्या माणसांची एक गोड समजूत असते, की मुलांना काही कळत नाही. त्यांना पुष्कळ कळते. कळत नाही ते फक्त कारण. आणि ते कुणी सांगितले नाही, की मूल आपल्याच मनाने एक कारण शोधून काढते.

मुठा खोऱ्यातले एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. वडील पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर जातात. मुलगी नऊ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. आई तीन आठवडे अंथरुणातून उठलेली नाही. वेणी घालीत नाही, हाकेला ओ देत नाही; भिंतीकडे तोंड करून पडून असते. आजी सांगते, "आईला त्रास देऊ नका, म्हणजे ती बरी होईल." आजीचा हेतू चांगलाच, पण मुलगी त्याचा सरळ अर्थ लावते: मी त्रास दिला, म्हणून आई आजारी पडली!

त्या दिवसापासून ती काही मागत नाही. भावाला भरवते. पोट दुखते म्हणून शाळा बुडवते आणि आईजवळ बसून राहते. शेजारणी म्हणतात, "किती शहाणी झाली हो पोर!" वाचकहो, हे शहाणपण नव्हे, हे भय आहे.

जेरी पिंटो यांची 2012 साली प्रसिद्ध झालेली 'एम अँड द बिग हूम' ही कादंबरी माहीमच्या एका लहानशा घरातील आहे. तिच्यातील आईचे मन कधी उसळते, कधी मरणाच्या काठापर्यंत खचते. आणि हे सुरू झाले मुलाच्या जन्मानंतर. मुलाला ते ठाऊक आहे. बाळंतपणानंतर असे आजार उद्भवू शकतात, हे वैद्यकाला माहीत आहे आणि त्यात बाळाचा काडीचाही दोष नसतो. परंतु हे मुलाला कुणी तरी सांगावे लागते.

बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. विल्यम बिअर्डस्ली यांनी अशा घरांतून वाढलेल्या मुलांचा अभ्यास केला. जी मुले सावरली, त्यांच्यात काही गोष्टी सारख्या आढळल्या. आईवडिलांना झालेला हा आजार आहे आणि तो आपल्यामुळे झालेला नाही, हे त्यांना उमजले होते. घराबाहेर शाळा, खेळ, मित्र होते. आणि ज्याच्यावर विसंबावे असे निदान एक माणूस होते. त्यावरूनच त्यांनी घरात बोलण्याची रीत बसवली: आधी आईवडिलांशी बोलायचे, मग मुलाशी एकट्याने, आणि शेवटी सर्वांनी एकत्र.

आपल्या या घरात ते कसे करावे? आई थोडी सावरेपर्यंत वडिलांनी सुरुवात करावी. "आईला नैराश्य नावाचा आजार आहे. ती तुझ्यावर रागावलेली नाही. तो तुझ्यामुळे झाला नाही आणि बरा करणे तुझे काम नाही. ते डॉक्टरांचे आणि माझे." एवढे पुरे. मुलीला औषधाचेही सांगावे, की गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे, कधी अधिकही लागतात. नाहीतर तिसऱ्या दिवशीही आई उठली नाही, की मुलीला वाटेल आपलेच काही चुकले. पुढे आईला बोलवेल तेव्हा तिने हेच आपल्या तोंडाने सांगावे; त्याची सर कशालाच नाही.

मग कामाची वाटणी. पाणी भरणे, कपड्यांच्या घड्या घालणे ठीक. पण आईवर पहारा ठेवणे आणि गोळ्या सांभाळणे मुलीकडे नको. गोळ्या वडिलांच्या कुलपात असाव्यात. भिंतीवर एक कागद लावावा: वडिलांचा नंबर, शेजारच्या काकूंचा नंबर, आणि 112. आई मरणाचे बोलू लागली किंवा हलवूनही जागी झाली नाही, तर मुलीने एकटीने काही न करता धावत काकूंकडे जायचे, हे आधीच ठरलेले असावे. मोठ्यांना सल्ला हवा असेल तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळतो, मराठीतूनही.

बोलण्याने आईचा आजार बरा होत नाही, हे मात्र ध्यानात असावे. त्याला उपचारच हवेत. आणि मुलीची झोप, भूक, शाळा दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली राहिली, तर तिलाही डॉक्टरांकडे न्यावे. नैराश्य असलेल्या आईबापांच्या मुलांना तो धोका इतरांच्या दुपटी-तिपटीने असतो. पण धोका म्हणजे विधिलिखित नव्हे.

दिवाळीच्या पहाटे अशा घरातली आई कदाचित उटणे लावायला उठणार नाही. ते मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, आणि मावशी येऊन उटणे लावील हेही सांगा.