वाकळीवरचं नाव

माझी कराडची मावसबहीण जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "लेबलं विणायला टाकायचीत, पाचशे नग. त्यावर इन्स्टाचं नाव घालायचंय. vakal मिळत नाहीये गं, कुणीतरी आधीच घेतलंय. vakal_official टाकू का?"

मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांब."

नीट शिवलेली वाकळ वीस वर्षं पांघरली जाते आणि तिच्या कोपऱ्यातली पट्टीही तितकीच टिकते. अकाउंटचं नाव बदलायला दोन मिनिटं पुरतात, पण गिऱ्हाइकाच्या घरी गेलेल्या वाकळीची पट्टी कोण उसवणार? मी स्वतः हे भोगलंय. एका ठिकाणी मी हौसेनं हँडल बदललं. सोडून दिलेलं जुनं नाव काही दिवसांनी दुसऱ्याच कुणी घेतलं. माझ्या जुन्या लेखांखाली छापलेला पत्ता आज एका अनोळखी माणसाकडे जातो. यूट्यूब निदान जुनं हँडल चौदा दिवस राखून ठेवतं, पण छापलेल्या कागदाला ते चौदा दिवस काय पुरणार?

हवं ते नाव दुसऱ्यानं घेतलेलं असलं की ते मिळवण्याच्या मागे लागू नये, असं माझं मत आहे. जॉन लुईस हे ब्रिटनमधलं 1864 सालचं नामांकित दुकान. एक्सवरचं @johnlewis हे हँडल मात्र अमेरिकेतल्या व्हर्जिनियात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या जॉन लुईस नावाच्या गृहस्थांकडे आहे. त्यांचं नावच ते आहे, त्यामुळे कुणी हरकत तरी कशी घेणार? दुकानाच्या तक्रारी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे येत राहिल्या आणि ते सौजन्यानं उत्तरं देत राहिले. एवढ्या मोठ्या पेढीला दुसरं हँडल घ्यावं लागलं, तर ताईनं vakal साठी झुरण्यात अर्थ नव्हता. पैसे घेऊन नाव देतो म्हणणारे भेटतात, पण असा व्यवहार इन्स्टाग्राम आणि एक्स या दोघांच्याही नियमांत बसत नाही. शिवाय विकणाऱ्याकडे मूळ ईमेल राहिला, तर तो अकाउंट परत ओढून घेऊ शकतो.

तेव्हा नवं नाव शोधायचं, आणि ते सगळीकडे अक्षरशः एकच हवं. अडचण अशी की प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे. इन्स्टाग्राम तीस अक्षरं देतं, टिंब आणि अंडरस्कोरही चालवतं. एक्सवर पंधराच अक्षरं मिळतात, अंडरस्कोर चालतो, टिंब चालत नाही. फेसबुकला निदान पाच अक्षरं लागतात. तिथे टिंब चालतं, पण जमेस धरलं जात नाही, vakal.karad आणि vakalkarad ही तिथे एकच. वेबसाइटच्या पत्त्यात अंडरस्कोर बसत नाही. या सगळ्यांतून गाळून जे उरतं ते साधं आहे: पाच ते पंधरा इंग्रजी अक्षरं, मध्ये कुठलंही चिन्ह नाही. आकडे चालतात, पण शून्य आणि O, एक आणि l यांची गफलत होते, म्हणून तेही नकोत. अंडरस्कोर तर मला फोनवरसुद्धा नको वाटतो. दुकानात उभ्या बाईला "वाकळ, मग खाली आडवी रेघ" असं सांगून बघा. शिवाय लिंकखाली रेघ आली की तो तिच्यात बुडून जातो.

official ला माझा विरोध वेगळ्या कारणानं होता. तो शब्द कुणीही लावू शकतं, खोटं अकाउंट काढणारे तर आवर्जून लावतात. आणि त्यातून वाकळीबद्दल काहीच कळत नाही.

मग आम्ही कागद घेऊन बसलो, म्हणजे ती तिकडे आणि मी इकडे. ताईला aaichivakal फार आवडलं होतं. पण आई कुणी aai लिहितं, कुणी ai, कुणी aaee. शिवाय aichi असं लिहिलं की गूगल जपानमधल्या आइची प्रांताकडे नेतं. godhadi मध्येही हीच गत: godhdi, godhadi, godhadee. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना प्रत्येकाचं स्पेलिंग आपापलं असतं. व साठी v की w, दीर्घ ई साठी i की ee, ज्ञ साठी dnya की gya, यावर एका घरातही एकमत नसतं. ळ ला तर तिथे वेगळं अक्षरच नाही, l वरच भागवावं लागतं. म्हणून मराठी नावाचं हँडल मोकळं आहे की नाही, एवढं पाहून भागत नाही. ऐकणारा ते कसं टाइप करील, हा खरा प्रश्न.

तेव्हा सुचलं की गावाच्या नावाचं स्पेलिंग ठरलेलं असतं. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर, आधार कार्डावर KARAD असंच दिसतं. कराडचा माणूस ते दुसऱ्या तऱ्हेनं लिहीतच नाही. vakalkarad, दहा अक्षरं. शब्दाला गाव जोडलं की नाव मोकळं मिळायची शक्यता वाढते आणि माल कुठला तेही कळतं. उद्या ताई गाव सोडून गेली तर हे नाव अडेल, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. "कुठं जाणार मी?" ती म्हणाली, आणि तो मुद्दा तिथेच मिटला.

नाव मोकळं आहे का, हे शोधपेटीत बघून कळत नाही. बंद केलेलं किंवा कंपनीनं रोखलेलं अकाउंट शोधात दिसत नाही, तरी नाव अडकलेलं असू शकतं. नोंदणीच्या फॉर्ममध्ये टाइप केल्यावरच खरं उत्तर मिळतं. शोधाचा उपयोग वेगळा: त्या नावाच्या जवळपास कोण आहे ते बघायला. आपल्यासारखंच नाव घेऊन आपल्यासारखाच माल विकणारं कुणी असेल तर ते नाव मोकळं असूनही सोडावं, गिऱ्हाईक कायम चुकत राहील.

लेबलांआधी आणखी एक परीक्षा घेतली. ताईनं आत्याला, कुरियरच्या मुलाला आणि पुण्याच्या भाचीला फोन करून एवढंच सांगितलं, "वाकळ कराड, सगळं एकत्र, इंग्रजीत लिहून पाठवा." आत्या आणि कुरियरवाल्यानं vakalkarad पाठवलं. भाचीनं wakalkarad. karad तिघांनीही अचूक लिहिलं होतं.

मग एका रात्री जेवणं झाल्यावर सगळी नोंदणी एका बैठकीत उरकली. आधी वेबसाइटचा पत्ता, मग एक्स, मग इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब. ताई म्हणाली, "एक्सवर मी कशाला जाऊ?" जाऊ नकोस, पण नाव घेऊन ठेव, असं मी सांगितलं. निम्म्या ठिकाणी नाव घेऊन थांबलं आणि उरलेल्या ठिकाणी दुसऱ्यानं घेतलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सगळीकडे एकच ईमेल दिला, आणि तो दुकानाचा, घरातल्या कुणा एकाचा नाही. शेवटी भाचीच्या चुकीसाठी इन्स्टाग्रामवर wakalkarad सुद्धा काढलं. तिथे एकच फोटो आहे आणि त्याखाली खऱ्या नावाचा पत्ता.

परवा लेबलं आली. विणणाऱ्यानं नमुन्यात सगळी अक्षरं मोठी घेतली होती, VAKALKARAD. हँडलला लहानमोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, तसंच ठेवायला हरकत नव्हती. पण ताईला वाचताना अडखळायला झालं, म्हणून तिनं V आणि K एवढीच मोठी ठेवून घेतली, VakalKarad. पहिली पट्टी तिनं आईच्या लुगड्याच्या वाकळीला लावली आहे. ती विकायची नाही म्हणाली.