दर्या आणि दऱ्या : मराठी टंकनाच्या दोन वाटा

एम.ए.च्या लघुप्रबंधांचे टंकन कोणत्या पद्धतीने करावे, हा प्रश्न विट्यात आमच्यापुढे दरवर्षी येतो. विद्यार्थ्यांचा कल फोनेटिककडे असतो, आमचा इनस्क्रिप्टकडे. आवडीनिवडीला निकाल म्हणू नये, म्हणून निकष आधी ठरवले आणि विंडोजमधल्याच दोन्ही सोयी शेजारी ठेवल्या. यांतील मराठी फोनेटिक २०१९ पासून विंडोज १० मध्ये उपलब्ध आहे. इनस्क्रिप्टचा आराखडा त्याहून बराच जुना असून १९९१ च्या भारतीय मानकात तो समाविष्ट आहे.

कसोटीसाठी शब्द घेतले ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसरे दरीचे अनेकवचन. इनस्क्रिप्टमध्ये त्यांच्या कळा अशा :

```
दर्या : o j d / e
दऱ्या : o J d / e
```

भेद केवळ शिफ्टचा. पण तो लिहिणाऱ्याने जाणूनबुजून करायचा असतो. फोनेटिकमध्ये दोन्हींसाठी `darya` हीच अक्षरे सुचतात, आणि कोणता शब्द उमटणार हे समोर येणाऱ्या यादीवर व तीतून केलेल्या निवडीवर ठरते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांचेही तेच. घाईत पहिला पर्याय स्वीकारला, की आचार्य स्वयंपाकघरात जातात. आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासनीसालाही त्याचा पत्ता लागत नाही.

| निकष | इनस्क्रिप्ट | फोनेटिक |
|---|---|---|
| प्रारंभ | सराव आवश्यक | रोमी अक्षरे येत असल्यास तत्काळ |
| ‘दऱ्या’साठी कळा | पाच व शिफ्ट | पाच व निवडीची कळ |
| ऱ्हस्व-दीर्घ, र्य-ऱ्य | लेखकाच्या बोटांत | यादीतील निवडीवर |
| बोलीतील रूपे | कळांनी थेट | यादीत असल्यास सुलभ |

कळांच्या संख्येत फारसे अंतर नाही, हे आम्हांला मान्य करावे लागले. वेगाचा आमचा जुना दावा त्यामुळे सोडला. प्रारंभाच्या निकषावर फोनेटिक निर्विवाद सरस आहे. इनस्क्रिप्टमध्ये कळांच्या जागा बोटांत बसेपर्यंत पहिले काही दिवस विद्यार्थी हस्तलेखनापेक्षाही मंद चालतो.

निकाल फिरतो तो शेवटच्या दोन निकषांवर. आमचा परिसर माणदेशाला लागून आहे. व्यंकटेश माडगूळकरांवर लिहिणाऱ्याला संवादांतील ‘व्हतं’ तसेच उतरवावे लागते. इनस्क्रिप्टमध्ये ते `b d u l x` इतके सरळ आहे. शब्दांची यादी मात्र स्वभावतः परिचित रूपांची असते. ‘व्हतं’चे नकळत ‘होतं’ झाले, तर ती टंकनातील चूक राहत नाही; अवतरणच खोटे ठरते.

म्हणून आमचे मत असे : वर्षातून दोन अर्ज लिहिणाऱ्याने फोनेटिकच वापरावे, त्याच्यावर सरावाचा भार टाकणे अन्यायाचे होईल. ज्याचा अभ्यासविषयच भाषा आहे, त्याने मात्र इनस्क्रिप्ट शिकावे. त्यामुळे शुद्धलेखन येईलच असे नाही. चुका इनस्क्रिप्टमध्येही होतात. परंतु ‘दर्या’ लिहिला की ‘दऱ्या’, याचे उत्तर विद्यार्थ्याला स्वतः द्यावे लागेल, आणि आम्हांला तपासायचे आहे ते हे उत्तरच.