पैसे घेतले, पण वाक्य विकलं नाही

प्रायोजकाने पैसे दिले म्हणजे त्याला व्हिडिओवर हक्क मिळतो, असं अनेकांना वाटतं. प्रायोजकांना वाटतं, तसं व्हिडिओ करणाऱ्यांनाही वाटतं. मला ते मान्य नाही. पैसे माझ्या वेळेचे, कामाचे आणि माझ्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याचे असतात, माझ्या मताचे नसतात. हा फरक करारावर सही करताना कुणालाच टोचत नाही. व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर चार दिवसांनी एक ईमेल येतो, तेव्हा तो टोचतो.

माझ्या छोट्या यूट्यूब चॅनलवर मी घरगुती उपकरणं वापरून दाखवतो. एका मिक्सर कंपनीशी २४ हजारांचा करार झाला होता, निम्मे आगाऊ आणि निम्मे प्रसिद्धीनंतर १५ दिवसांत. व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. त्यात कोरडे मसाले, ओलं खोबरं आणि कबाबसाठी उकडलेली चणाडाळ वाटून दाखवली होती. मसाला उत्तम निघाला, तसं मी म्हटलं. पण चटणीचं छोटं भांडं खुणेपर्यंत भरलं की झाकणाच्या कडेने पाणी बाहेर यायचं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा आलं. ६:४२ वर मी म्हटलं, "चटणीचं भांडं खुणेपर्यंत भरू नका, झाकणातून गळतं." दाखवण्यासकट सगळं मिळून चौदा सेकंद.

शुक्रवारी व्हिडिओ गेला. मंगळवारी निरोप आला: "बाकी सगळं छान आहे, तेवढी एक ओळ काढता येईल का? आता आम्ही झाकणाची रबरी रिंग बदलली आहे." भाषा गोड होती. उरलेले १२ हजार त्यांच्याकडेच होते.

अशा वेळी लगेच हो किंवा नाही म्हणू नये. आधी मागणी कुठल्या जातीची आहे ते ओळखावं. माझ्या मते ती तीनच प्रकारची असते. पहिला प्रकार म्हणजे तुम्ही सांगितलेली माहितीच चूक आहे. दुसरा, तेव्हा ती खरी होती, पण नंतर वस्तू बदलली. तिसरा, माहिती खरी आहे, फक्त झोंबते. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि प्रायोजक बहुतेक वेळा तिसरी मागणी दुसरीच्या कपड्यात पाठवतो. म्हणून फोनवर बोलणं झालं तरी उत्तर लेखीच द्यावं आणि नेमके प्रश्न विचारावेत. मी दोन विचारले. नवी रिंग कोणत्या महिन्याच्या उत्पादनापासून आहे? आणि दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाने ती कशी ओळखायची?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. जुना माल अजून दुकानांत असेल, तर माझं वाक्य आजही कुणाच्या तरी कामाचं आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं. उत्पादनाचा महिना खोक्यावर छापलेला असतो आणि जुना माल "काही ठिकाणी" शिल्लक आहे. सोबत नवं झाकण आलं. मी तीच चाचणी पुन्हा तीनदा केली, गळलं नाही. म्हणजे कंपनी खोटं बोलत नव्हती, आणि माझं वाक्यही खोटं नव्हतं.

आता ओळ कापण्याबद्दल. यूट्यूबवर प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तुकडा कापता येतो. लिंक, व्ह्यूज आणि कॉमेंट तशाच राहतात. पण कापलेल्या जागी नवं वाक्य घालता येत नाही. त्यामुळे "ओळ बदला" या मागणीचा अर्थ प्रत्यक्षात "ओळ काढा" एवढाच होतो, नाहीतर नवा व्हिडिओ टाकून शून्यापासून सुरुवात. चौदा सेकंद कापले की पुढच्या सगळ्या प्रकरणांच्या वेळा चौदा सेकंदांनी चुकतात. "६:४२ ला सांगितलंत ते बरं झालं" असं कुणी लिहिलेलं असतं, ती कॉमेंट भलत्याच ठिकाणी बोट दाखवू लागते. प्रेक्षकाला हे दिसतं, आणि कारण तो स्वतःच लावतो.

पण खरा आक्षेप यापेक्षा खोल आहे. ते वाक्य काढल्यावर उरलेल्या व्हिडिओचाही अर्थ बदलतो. दोष सांगितलेल्या माणसाने केलेली स्तुती आणि दोष लपवलेल्या माणसाने केलेली स्तुती यांचे शब्द सारखे असले, तरी त्यांची किंमत सारखी नसते. चौदा सेकंद कापून उरलेली अकरा मिनिटं मी जाहिरातीत बदलली असती, तीही माझ्या तोंडून.

कायदाही इथे गप्प नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक असावं आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असावं, असं त्यांत म्हटलं आहे. दिशाभूल ठरली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एक ओळ काढल्याने लगेच कुणी दंड करेल असं मी म्हणत नाही. पण गळती माहीत असताना ती पुसली, याचा लेखी पुरावा त्या ईमेलमध्येच राहतो.

मग मी काय केलं? ओळ ठेवली आणि नवी माहिती जोडली. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत आणि पिन केलेल्या कॉमेंटमध्ये तारखेसह लिहिलं: कंपनीने झाकणाची रिंग बदलल्याचं कळवलं, नवं झाकण पाठवलं, त्याच चाचणीत ते गळलं नाही, जुना माल दुकानांत असू शकतो, खोक्यावरचा महिना पाहून घ्या. कंपनीला याहून न्याय्य काही देता येत नाही, आणि ग्राहकाचंही काही हिरावलं जात नाही.

समजा माहितीच चूक असती, मोटरचे वॅट चुकीचे सांगितले असते, तर उत्तर वेगळं असतं. यूट्यूबवर त्यासाठी सोय आहे. वर्णनात, प्रकरणांच्या वेळांच्या खाली, इंग्रजीत हा शब्द लिहून वेळ आणि दुरुस्ती द्यायची, म्हणजे त्या क्षणी व्हिडिओवर दुरुस्तीची सूचना दिसते:

```
Corrections:
3:10 मोटर 750 नाही, 550 वॅटची आहे.
```

चूक कापण्यापेक्षा अशी उघड दुरुस्ती मला बरी वाटते. आणि मागणी तिसऱ्या प्रकारची असेल, तर उत्तर एका वाक्याचं असावं: वाक्य राहील, तुमचं म्हणणं लिहून द्या, ते तुमच्या नावाने कॉमेंटमध्ये लावतो.

उरलेले पैसे पंधरा दिवसांऐवजी दोन महिन्यांनी आले. आले, कारण करारात रक्कम प्रसिद्धीच्या तारखेला बांधलेली होती, "समाधानकारक मजकुराला" नाही. पुढचं काम मात्र त्या कंपनीकडून आलं नाही. ही किंमत खरी आहे, आणि घरभाडं याच पैशातून भरणाऱ्याला ती जड जाते, हे मी नाकारत नाही. म्हणूनच भांडण नंतर करण्याऐवजी तीन ओळी आधी लिहून घ्याव्यात. प्रसिद्धीपूर्वी एकदा व्हिडिओ पाहून तथ्याच्या चुका कळवाव्यात. प्रसिद्धीनंतर मजकूर वगळला जाणार नाही, तथ्य बदललं तर नोंद जोडली जाईल. आणि कंपनीने व्हिडिओचा तुकडा आपल्या जाहिरातीत वापरायचा असेल, तर आधी विचारावं. ही शेवटची ओळ विसरू नका. नाहीतर तुम्ही न कापलेले चौदा सेकंद ते स्वतः कापून घेतील.