सही झालेलं ऑफर लेटर आणि आपलं 'ठीक आहे सर'



वस्तीतल्या एका मुलाला पुण्यातल्या खासगी कंपनीचं ऑफर लेटर आलं. पगार महिना 24,000. त्यानं सही करून पाठवलं. मग एचआरनं जुन्या नोकरीचा राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र मागितलं, तेही दिलं. जुना पगार 15,000 होता. रुजू व्हायच्या तीन दिवस आधी मेल आला: व्यावसायिक कारणांमुळे ऑफर मागे घेत आहोत. यानं उत्तर दिलं, 'ठीक आहे सर, पुढे काही असेल तर कळवा.'

माझा राग त्या कंपनीइतकाच या 'ठीक आहे'वर आहे. प्रस्ताव स्वीकारला जाईपर्यंतच मागे घेता येतो. सही पोहोचली की तो करार झाला, आणि रुजू होण्याआधी नकार देणं हा करारभंग. अट पाळली नाही म्हणून ऑफर गेली, उदाहरणार्थ कागदपत्रं खोटी निघाली, तर गोष्ट वेगळी. इथं तसं काही नव्हतं.

पण भ्रमातही राहू नका. खासगी कंपनीला 'याला कामावर घ्या' असा आदेश न्यायालय सहसा देत नाही. संविधानाचं कलम 16 राज्यसंस्थेला बांधतं, कंपनीच्या गेटपाशी ते थांबतं. आरक्षण फक्त सरकारीत ठेवल्याची किंमत अशीही मोजावी लागते. उरते ती नुकसानभरपाई, भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 73 खाली.

किती? कंपनी म्हणेल, प्रोबेशनमध्ये 15 दिवसांच्या नोटिशीवर काढता आलंच असतं, म्हणून 12,000 घ्या. हा युक्तिवाद न्यायालयात बऱ्याचदा टिकतो. आपला हिशोब वेगळा हवा: यांच्या शब्दावर जुनी नोकरी सोडली, दोन महिने घरी बसलो, म्हणजे 30,000, खोलीचं बुडालेलं टोकन 6,000, एकूण 36,000. दोन्ही हिशोबांची बेरीज करता येत नाही. दुसरा टिकवायचा तर हे नुकसान होणार हे कंपनीला ठाऊक होतं, असं दाखवावं लागतं. राजीनामा मंजुरीचं पत्र मागणारा एचआरचा मेल हाच तो पुरावा. पोर्टलचं लॉगिन बंद होण्याआधी तो उतरवून ठेवा.

नुकसान कमी करायचा प्रयत्नही दिसला पाहिजे. म्हणून त्याच दिवशी जुन्या मालकाला लेखी विचारा, परत घेता का? नंतर जिथं जिथं अर्ज केले, ते जपून ठेवा.

वकिलाची फी ही खरी भिंत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जातीचं प्रमाणपत्र घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. दाव्याआधी लोकअदालतीत तडजोड मागता येते. 36,000 साठी वर्षानुवर्षं तारखा मोजण्यापेक्षा ती बरी. दाव्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षं.

आमच्या मुलानं आता दुसरा मेल पाठवलाय: 'माझं आधीचं उत्तर म्हणजे हक्क सोडणं नव्हे.' तो पहिल्याच दिवशी जायला हवा होता.