प्रबंध सादर झाल्यावरचे चार शब्द

आपल्या बेटावरच्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी पुण्यामुंबईला जाऊन पीएच्. डी. करते, तेव्हा सारे घरच त्या प्रबंधात गुंतलेले असते. आजीची गाणी टेपवर घेतलेली असतात, काकांनी जुने कागद शोधून दिलेले असतात. शेवटी एक दिवस प्रबंध विद्यापीठात सादर झाल्याची बातमी येते आणि घरातली वडील मंडळी पहिली सूचना करतात, "बाईंना आभाराचे पत्र लिही हो. आणि येथून काहीतरी पाठवूया." पत्राची सूचना योग्यच आहे. ते पत्र कसे असावे आणि सोबत काही पाठवावे का, याबद्दल मात्र आमचे मत थोडे निराळे आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे, की प्रबंध सादर होणे म्हणजे पदवी मिळणे नव्हे. भारतातील विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे सादर झालेला प्रबंध स्वतः मार्गदर्शक आणि निदान दोन बाह्य परीक्षक तपासतात. त्यांचे अहवाल अनुकूल आले, तरच मौखिक परीक्षा होते आणि तेथेही मार्गदर्शक मंडळावर बसलेले असतात. हे सारे सहा महिन्यांत उरकावे अशी अपेक्षा असते. म्हणजे ज्या बाईंना आपण आभाराचे पत्र लिहितो, त्यांनाच अजून आपल्या प्रबंधावर अहवाल लिहायचा असतो. अशा वेळी साडी किंवा आपल्याकडच्या व्हॅनिलाच्या चहाचे डबे पाठवले, तर आपला हेतू कितीही निर्मळ असो, संकोच त्यांना होतो. भेट पाठवायचीच असेल, तर ती पदवी जाहीर झाल्यावर पाठवावी. ब्रिटिश वळणाच्या विद्यापीठांत मार्गदर्शक सहसा परीक्षक नसतो, त्यामुळे ही अडचण तेथे एवढी येत नाही. पण परीक्षा संपेपर्यंत थांबण्याने तेथेही काही बिघडत नाही.

आता पत्राच्या मजकुराकडे वळू. पुष्कळ पत्रांत एक ठरीव वाक्य असते : "हा प्रबंध सर्वस्वी आपल्याच कृपेचे फळ आहे, माझे त्यात काहीच नाही." लिहिणाऱ्याच्या मनात नम्रता असते, हे आम्ही जाणतो. परंतु हे काम माझे स्वतःचे आणि अस्सल आहे, असे हमीपत्र याच विद्यार्थ्याने प्रबंधासोबत सही करून दिलेले असते. मार्गदर्शकांनीही तसाच दाखला दिलेला असतो. मग लगेच "माझे काहीच नाही" म्हणण्याला अर्थ काय? बाईंनी प्रबंध लिहून दिला नाही, हीच तर त्यांची थोरवी. आभार मानायचे ते त्यांनी जे खरोखर केले, त्याचे.

कोणी म्हणेल, प्रबंधाच्या आरंभी ऋणनिर्देशाचे पान असतेच, मग वेगळे पत्र कशाला? ते पान चारचौघांसाठी असते. त्यात ग्रंथपाल, स्नेही, आईवडील साऱ्यांची नावे ओळीने येतात आणि मार्गदर्शकांच्या वाट्याला दोन भारदस्त वाक्ये. ती वाक्येही पुष्कळदा आधीच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावरून उतरलेली असतात. मौजेची गोष्ट अशी, की वाङ्मयचौर्य तपासण्याच्या 2018 च्या नियमांत ऋणनिर्देशाचे पान तपासणीतून वगळलेलेच आहे. तेथील उसनवारी यंत्राला दिसत नाही, पण ज्या बाईंच्या हाताखालून अनेक प्रबंध गेले, त्यांना ती पहिल्या ओळीतच दिसते.

म्हणून पत्रात एकच गोष्ट असावी, पण ती दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही अशी असावी. नमुन्यादाखल एक पत्र आम्हीच येथे रचून देतो. समजा, आपल्यापैकी एका मुलीने मॉरिशसमधील मराठी घरांच्या झाकरीवर प्रबंध लिहिला आहे. ती असे लिहू शकेल :

"गुरुवर्य बाईंना सा. न. वि. वि. मंगळवारी प्रबंध सादर केला. ऋणनिर्देशात न मावलेली एक गोष्ट कळवायची राहिली होती. दुसऱ्या प्रकरणात मी लिहिले होते, की आमच्याकडची झाकरीची सगळी गाणी रत्नागिरीहून आली. आपण समासात 'कशावरून?' एवढाच शब्द लिहिलात. मला तेव्हा थोडा रागच आला, कारण आमच्या घरी सगळे तसेच सांगतात. सुटीत मोक्याला महात्मा गांधी संस्थेतील आगमनाच्या जुन्या नोंदी पाहिल्या. ज्या घरांतून मी गाणी उतरवून घेतली, त्यांतल्या तीन घरांचे पूर्वज साताऱ्याकडचे निघाले. ते वाक्य मी खोडले आणि प्रकरण पुन्हा लिहिले. आता काहीही ठामपणे लिहू लागले, की आपला तो शब्द आधी समोर येतो. या पत्राला उत्तर देण्याची तसदी घेऊ नये. आपली विद्यार्थिनी."

या पत्रात स्तुतीचे एकही विशेषण नाही. परीक्षेची तारीख, शिफारसपत्र, नोकरी यांपैकी कशाचीही विचारणा नाही. तसे एक वाक्य जरी शेवटी आले असते, तरी वरचा सारा मजकूर त्या मागणीची प्रस्तावना ठरला असता. उत्तराची अपेक्षा नाही हेही तिने सांगून टाकले आहे, त्यामुळे बाई मोकळ्या राहतात. आणि एक माहिती मात्र बाईंना मिळते, जी दुसरीकडून मिळणे शक्य नव्हते. एका प्राध्यापकाकडे नियमाने एका वेळी आठ विद्यार्थी असू शकतात. प्रत्येकाच्या समासात शेकडो शेरे लिहिले जातात. त्यांतला कोणता शेरा लागू पडला आणि कोणता वाया गेला, हे विद्यार्थ्याने सांगितल्याशिवाय मार्गदर्शकाला कधीच कळत नाही. बाईंच्या पुढच्या विद्यार्थ्याला याचा उपयोग होतो.

एक अवघड प्रश्न उरतो. सगळेच मार्गदर्शक असे नसतात. कोणी प्रकरणे महिनोन् महिने कपाटात ठेवतात, कोणी न वाचताच परत करतात. मग काय लिहावे? खोटे लिहू नये, असे आम्हांस वाटते. पाच वर्षांत एखादी तरी गोष्ट खरी मिळते. कोणते पुस्तक वाच म्हणून सांगितलेले असते, कोणाची गाठ घालून दिलेली असते, वेळेवर केलेली एखादी सही असते. तेवढेच दोन ओळींत लिहावे आणि थांबावे. तक्रार या पत्रात घालू नये. तिच्यासाठी संशोधन सल्लागार समिती आहे, विद्यार्थ्याला दर सहामाहीला तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते. तक्रारीची जागा तेथे, आणि वेळ प्रबंध सादर होण्याच्या आधीची.

घरच्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की पत्राचा मजकूर मुलांना सांगू नये. आपण सांगू ते शब्द गोड असतील, पण समासातला तो शेरा आपण वाचलेला नसतो. तो ज्याने वाचला, त्यालाच लिहू द्यावे.